मागाचा ठोका आणि मराठी आवाज: एका तेलुगू व्हिडिओच्या डबिंगचा प्रकरण अभ्यास

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात चौदा मिनिटांचा एक व्हिडिओ काढलेला होता. चादरीच्या मागावर आयुष्य काढलेले एक निवृत्त जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती आणि देखभाल बघणारे कारागीर, चालू मागाजवळ उभे राहून सांगतात की धागा का तुटतो, आडवा धागा घेऊन मागाच्या एका बाजूकडून दुसरीकडे धावणारा धोटा अडकला तर काय बघायचं आणि माग नुसत्या कानानं कसा ओळखायचा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. प्रश्न विचारणारा त्यांचा नातू, त्यामुळे सगळं बोलणं घरच्या तेलुगूत. पुढे यंत्रमागाचं काम शिकवणाऱ्या एका वर्गाला हा व्हिडिओ हवा झाला. तिथे येणारी बरीच मुलं मोहोळ, बार्शी, माढा या बाजूची आणि तेलुगू न समजणारी. सबटायटल चालणार नव्हते. मामांचे हात काय करतात हे बघायचं असताना डोळे खालच्या ओळीवर अडकले तर व्हिडिओचा उपयोगच संपतो. म्हणून मराठी डबिंग करायचं ठरलं.

मामांना मराठी उत्तम येतं. मग त्यांच्याच आवाजात का नाही, असं कुणीही विचारेल आणि आम्हीही तिथूनच सुरुवात केली. पण चित्रीकरणाला काही वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज आता खूप बारीक झाला आहे. पडद्यावरच्या माणसाच्या छातीतून तो आवाज येतोय असं वाटत नव्हतं. शिवाय ते दर वेळी नव्यानं सांगतात. सांगणं गोड, पण आधी टिपलेल्या हातांच्या हालचालींशी ते जुळेना. तरीही त्यांचं मराठी सांगणं आम्ही पूर्ण रेकॉर्ड करून घेतलं, ते का ते पुढे येईलच. बोलायला घेतले सोलापूरचेच एक नट, वयानं साठीच्या जवळचे, ज्यांच्या मराठीत पूर्व भागाची चाल आपसूक आहे.

या कामाची खरी अडचण होती मामांच्या मागे चालणारा माग.

हातात काय होतं

सिनेमाच्या डबिंगमध्ये संवाद एका ट्रॅकवर असतात आणि संगीत व बाकीचे आवाज दुसऱ्या ट्रॅकवर. या दुसऱ्याला एम अँड ई म्हणतात. संवादाचा ट्रॅक बंद केला की खालचं सगळं जग जागच्या जागी राहतं आणि नवी भाषा त्यावर ठेवता येते. घरगुती किंवा माहितीपर चित्रीकरणात असा ट्रॅक बहुधा नसतो. इथे दोन माइक होते: एक मामांच्या सदऱ्याला लावलेला कॉलर माइक आणि एक कॅमेऱ्यावरचा. दोन्हींत मामा आणि माग एकत्र मिसळलेले. कॉलर माइकमध्ये मामा जवळ, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये माग जवळ, एवढाच काय तो फरक. धोट्याच्या मागाच्या कारखान्यात आवाज सहज 90 डेसिबलच्या वर असतो, म्हणजे मामांचं प्रत्येक वाक्य मागाच्या ठोक्यांनी चाळणी झालेलं.

अशा वेळी बातम्यांत वापरतात तो सोपा मार्ग म्हणजे मूळ आवाज दबका ठेवायचा आणि वरून मराठी बोलायचं. मुलाखतीत ते चालतं. इथे मामा मध्येच गप्प होतात आणि म्हणतात, ऐका. त्या क्षणी मुलाला माग स्वच्छ ऐकू यायला हवा, आणि त्याआधी खाली तेलुगू, वर मराठी असा गलका झाला असेल तर कान तयारच होत नाही. तो मार्ग सोडला.

दुसरा मार्ग म्हणजे बोलणं आणि बाकीचे आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर. गाण्यातून गायकाचा आवाज बाजूला काढायला ते चांगलं आहे. मागावर मात्र ते फसतं, आणि का फसतं ते कळून घेण्यासारखं आहे. धोट्याला बसणारा टोला हा फार छोटा, तीक्ष्ण आवाज आहे. त, ट, क ही व्यंजनंही तशीच. त्यामुळे काही ठोके बोलणं समजून काढून टाकले जातात आणि काही व्यंजनं ठोका समजून मागे ठेवली जातात. उरलेला ट्रॅक एकटा ऐकला तर माग अधूनमधून ठेचकाळतो आणि मागून कुणीतरी कुजबुजल्यासारखं तेलुगू ऐकू येतं. मराठी आवाज वर असेपर्यंत ते झाकलं जातं, पण मराठी वाक्य संपून तेलुगू अर्धा सेकंद जास्त चाललं की तिथे भुतासारखा आवाज उघडा पडतो. डबिंग झालेल्या कुठल्याही व्हिडिओत हे तपासायचं असेल तर वाक्यांच्या शेपटांकडे कान द्यावा.

म्हणून खालचा आवाज नव्यानं बांधायचा ठरला. आणि क्रमही उलटा घेतला: आधी मागाचा ट्रॅक पूर्ण करायचा, त्यानंतर मराठी बोलून घ्यायचं. बहुतेक ठिकाणी आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि खाली काहीतरी शेवटी भरतात. या प्रकरणात तसं केलं असतं तर चाललं नसतं, आणि त्याचं कारण नटाच्या गळ्यात होतं.

माग बांधणं

पडद्यावर दिसणारा माग मिनिटाला साधारण 100 ठोके मारत होता. म्हणजे दर 0.6 सेकंदाला एक. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमचा, तेव्हा दर 15 फ्रेमला एक ठोका. हिशेब इतका सरळ आला की एकच स्वच्छ तुकडा घ्यावा आणि चौदा मिनिटं फिरवत ठेवावा असा मोह होतो. तो तीन कारणांनी आवरावा लागतो.

पहिलं कारण, धोटा एकदा डावीकडून उजवीकडे जातो आणि मग परत येतो. दोन्ही बाजूंचे दांडे, पेट्या, त्यांची झीज वेगळी, म्हणून दोन टोल्यांचा आवाज वेगळा. कॅमेरा एका बाजूला असल्यानं एक टोला जवळचा, एक लांबचा. तुकडा कापायचा तर ठोक्यांची संख्या सम असली पाहिजे: दोन, चार, आठ. विषम ठोक्यांचा तुकडा फिरवला तर जोडावर एकाच बाजूचा टोला लागोपाठ दोनदा पडतो. का बिघडलं हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण त्याला खटकेल.

दुसरं कारण, मागाचा वेग स्थिर नसतो. पट्टा सरकतो, विजेचा दाब कमी-जास्त होतो. काही शॉटमध्ये वेग मिनिटाला 97 पर्यंत उतरलेला होता. तीन ठोक्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण 97 च्या वेगाला एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत सुमारे 0.62 सेकंद जातात. 100 च्या वेगाचा तुकडा तिथे लावला तर सात ठोक्यांतच आवाज चित्राच्या तीन फ्रेम पुढे पळतो. इथे एक मोजमाप कामाला येतं. आवाज आणि चित्र यांच्यातला फरक माणसाला कधी जाणवतो याबद्दल आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे: आवाज 45 मिलिसेकंदांहून जास्त आधी आला किंवा 125 मिलिसेकंदांहून जास्त उशिरा आला की तो कळू लागतो. 25 फ्रेमच्या व्हिडिओत याचा अर्थ पुढे एक फ्रेम, मागे तीन फ्रेम. लांबचा आवाज उशिरा पोचणं आपल्याला रोजच्या जगण्यातून माहीत आहे, आधी येणारा आवाज मात्र निसर्गात नसतो. म्हणून जिथे शंका असेल तिथे आवाज उशिराकडे झुकवावा. ओठांनाही हाच नियम.

तिसरं कारण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चित्रात डोळ्याला ठळक दिसते ती फणी, जी पुढे येऊन कापडावर आदळते. साहजिकच वाटतं की मोठा आवाज तिचा, आणि तो त्या फ्रेमवर बसवावा. पण धोट्याच्या मागात सगळ्यात मोठा आवाज धोट्याला टोला बसतो तेव्हाचा आणि धोटा पलीकडच्या पेटीत थांबतो तेव्हाचा असतो. त्या वेळी फणी मागे असते. दोन्ही घटनांमध्ये मागाचा साधारण पाव फेरा जातो, म्हणजे इथे जवळजवळ चार फ्रेम. चित्र बघून ठोके लावणारा माणूस अशा रीतीनं मन लावून चुकीच्या जागी ठोके लावत जाईल. यावरचा उपाय सोपा आहे. चित्राकडे बघायचंच नाही. मूळ तेलुगू ट्रॅक टाइमलाइनवर खाली ठेवायचा आणि त्याच्या लहरींमध्ये जिथे टोले उभे दिसतात बरोबर त्यांच्यावर नवे टोले बसवायचे. मूळ आवाज चित्राशी जुळलेलाच आहे, तेव्हा त्याच्याशी जुळलं की चित्राशी जुळलं.

टोले आणले कुठून? मामांच्याच वाक्यांमधल्या विरामांतून. ते सावकाश बोलतात, वाक्य संपलं की नातवाकडे बघतात. सव्वा सेकंदाचा विराम मिळाला की जाण्या-येण्याची एक पूर्ण जोडी हाती येते, आणि ती त्याच शॉटची, त्याच माइकची, त्याच अंतरावरची. एका शॉटमधून अशा आठ-दहा वेगवेगळ्या जोड्या गोळा करून त्या उलटसुलट क्रमानं मांडल्या. एकच जोडी फिरवली तर खोटेपणा लगेच कळतो, कारण खऱ्या मागाचे कुठलेही दोन ठोके हुबेहूब नसतात. ज्या जोडीत एखादी वेगळी कुरकुर किंवा कुणाचं खाकरणं आहे ती गाळली. कान अशी खूण लक्षात ठेवतो आणि ती परत आली की तिची वाट बघायला लागतो.

वेग जुळवायला ताणण्याचं तंत्र आम्ही वापरलं नाही. आवाज लांबवला की टोल्याची धार बोथट होते. त्याऐवजी प्रत्येक जोडी टोल्यांमधल्या शांत जागेत कापली आणि पुढे-मागे सरकवली. नक्षीची चादर जोडताना नक्षीवर नक्षी आणावी लागते, तसंच मूळ ट्रॅक आणि बांधलेला ट्रॅक जिथे एकमेकांत मिसळतात तिथे टोल्यावर टोला यावा लागतो. नाही आला तर त्या जागी एक टोला दुहेरी वाजतो. मामा गप्प असताना मूळ आवाज जसाच्या तसा राहू दिला आहे, त्यामुळे असे जोड जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना आहेत.

एवढं करूनही एकटा जवळचा माग पोकळ वाटत होता. कारखान्यात आणखी तीन माग चालू होते आणि त्यांचा एक सलग, कुणाशीच न जुळणारा घोंगावा पाठीमागे असतो. तो वेगळा मिळवण्यासाठी परत कारखान्यात गेलो आणि मालकांना विनंती करून पडद्यावरचा माग थांबवून बाकीचे चालू ठेवले. कॅमेरा जिथे होता तिथेच माइक ठेवून काही मिनिटं रेकॉर्ड केली. हा दुसरा थर चित्राशी जुळवावा लागत नाही, कारण ते माग दिसतच नाहीत. तो सलग असल्यामुळे वरच्या थरातले जोड झाकून टाकतो. माझ्या मते असं काम करणाऱ्यानं वेळ घालवायचा तर इथे घालवावा: जवळचा, चित्राशी बांधलेला थर वेगळा आणि लांबचा, मोकळा थर वेगळा.

त्याच भेटीत दोन गोष्टी आणखी करून घेतल्या. मामा बोलता बोलता मागाच्या लोखंडावर पान्यानं टकटक करून दाखवतात. तो आवाज बोलण्याखाली होता, म्हणून तेलुगूबरोबर तोही गेला. हात हलतोय आणि आवाज नाही, हे फार विचित्र दिसतं. तोच पाना, त्याच जागी, तशाच जोरानं मारून तो परत टिपला. दुसरी गोष्ट फुग्याची. सगळे माग बंद झाल्यावर मामा उभे होते त्या जागी फुगा फोडला आणि कॅमेऱ्याच्या जागेवरून तो रेकॉर्ड केला. पत्र्याचं छत, लोखंड, सुताचे ढीग यांनी त्या जागेत आवाज कसा घुमतो याचा तो ठसा आहे. कन्व्होल्यूशन रिव्हर्ब या प्रकारच्या प्रक्रियेत तो घातला की खोलीत बोललेला आवाज त्या कारखान्यात बोलल्यासारखा होतो.

मराठी बोलून घेण्याआधी हा नुसता मागाचा ट्रॅक मामांना ऐकवला. चित्र दाखवलं नाही. आयुष्यभर आवाजावरून मागाचं दुखणं ओळखलेल्या माणसापेक्षा चांगला परीक्षक मिळणार नव्हता. ते डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी हात वर केला आणि म्हणाले, “हितं उजवीकडचा टोला डावीकडं घातलाव तुम्ही.” तपासलं तर त्या शॉटच्या मागच्या जोडापासून जोड्यांची बाजू खरोखरच उलटी पडली होती. सगळा भाग एका ठोक्यानं, म्हणजे 15 फ्रेमनं, सरकवला आणि ते मान हलवून पुढचं ऐकू लागले.

वाक्यं बसवणं

तेलुगूवरून मराठी करताना एक मोठी सोय आहे. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं. मामा “इक्कड” म्हणून बोट दाखवतात तेव्हा मराठी वाक्यही “हिकडं”नं सुरू होऊ शकतं, आणि काय करायचं ते दोन्हीकडे शेवटी येतं. त्यामुळे हात आणि शब्द आपोआप एकत्र पडतात. इंग्रजी व्हिडिओच्या डबिंगमध्ये ज्यावर तास जातात ती कसरत इथे फारशी नव्हती.

अडचण होती लांबीची. एक वाक्य घेऊ. मामा म्हणतात: “इक्कड चूडु, पोगु तेगिते मग्गम आपालि.” यात 15 अक्षरोच्चार आहेत आणि त्यांनी ते साधारण 2.4 सेकंदांत म्हटलं आहे. वर्गाकडून आलेलं भाषांतर होतं: “इकडे लक्ष द्या, धागा तुटल्यास माग ताबडतोब बंद करणे आवश्यक आहे.” मोजलं तर 21 उच्चार. तेवढ्याच वेळात ते म्हणायचं तर सेकंदाला जवळजवळ नऊ उच्चार होतात. नट ते म्हणून दाखवेलही, पण निवांत उभा राहिलेला म्हातारा माणूस असं बोलत नाही. तोंडाचा वेग आणि अंगाचा वेग यांची फारकत झाली की डबिंग उघडं पडतं, मग ओठ कितीही जुळोत.

इथे मामांचं मराठी रेकॉर्डिंग उपयोगी पडलं. तीच गोष्ट त्यांनी मराठीत अशी सांगितली होती: “हिकडं बघ, धागा तुटला की माग थांबवायचा.” उच्चार 13. दोन कमी पडले, ते “बघ”नंतर थोडं थांबून भरून निघाले, आणि त्या थांबण्यात ते बोट रोखतातच. शिवाय “मग्गम”मधले मिटलेले ओठ आणि “माग”मधला म जवळजवळ एकाच जागी आले, आणि “आपालि”मधल्या प पाशी “थांबवायचा”तला ब आला. जवळच्या शॉटमध्ये डोळा मुख्यतः ओठ मिटताना पकडतो, म्हणजे प, ब, म. बाकीच्या वर्णांना बरीच मोकळीक असते. “पोगु”च्या प ला “धागा”मध्ये जोडीदार नाही, पण त्या क्षणी मामांचा चेहरा अर्धा वळलेला आहे, म्हणून ते सोडून दिलं.

पूर्ण संहिता अशीच केली: मामांच्या मराठीतून वाक्यं उचलायची, तेलुगू घरात वाढलेल्या आणि मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंकडून ती मुळाशी ताडून घ्यायची, आणि प्रत्येक वाक्य सुरू व संपण्याची वेळ मूळ वाक्याच्या आत बसवायची. सगळेच ओठ जुळवायला गेलो नाही. चेहरा जवळून दिसतो अशा शॉटमध्ये ओठ मिटण्याच्या जागा बघितल्या. कमरेपर्यंतच्या शॉटमध्ये वाक्याची सुरुवात, शेवट आणि मधले विराम. मामा पाठमोरे किंवा मागावर वाकलेले असतील तिथे फक्त हातांचं काम आणि शब्द. तिसऱ्या प्रकारच्या शॉटमध्ये मिळालेली मोकळीक आम्ही लांब, अवघड वाक्यांना दिली.

गळा

आता नटाच्या गळ्याची गोष्ट. गोंगाटात माणूस नुसता मोठ्यानं बोलत नाही. त्याचा स्वर चढतो, स्वरवर्ण लांबतात, तोंड जास्त उघडतं. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. मामांच्या प्रत्येक वाक्यात तो आहे. शांत खोलीत बसलेला नट मात्र जवळिकीच्या आवाजात बोलतो. ते रेकॉर्डिंग मागाच्या ट्रॅकवर ठेवलं की आवाजाची पातळी कितीही वाढवा, माणूस कारखान्यात नसून रेडिओवर बोलतोय असंच वाटतं. मुद्दाम मोठ्यानं बोलायला सांगितलं तर नट रंगमंचावर टाकतो तसा आवाज टाकतो. तो वेगळा. नाटकात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो, कारखान्यात तो हातभर अंतरावरच्या माणसाच्या कानात घालायचा असतो.

म्हणून आधी बांधलेला मागाचा ट्रॅक नटाच्या हेडफोनमध्ये सोडला, स्वतःचा आवाज त्यांना जेमतेम ऐकू येईल इतपत. प्रत्यक्ष कारखान्याइतका मोठा ठेवायची गरज नाही आणि तसा ठेवूही नये, कानाला इजा होते. गळा आपोआप चढला. सगळ्यात मोठा फायदा झाला तो मामा माग बंद करतात त्या जागी. वाक्याच्या मध्यावर ते दांडी ओढतात, माग दोन-तीन ठोके अडखळून थांबतो, मागचा घोंगावा तेवढा उरतो, आणि त्याच श्वासात मामांचा आवाज खाली येतो. समजावून सांगून हे नटाकडून काढणं फार कठीण होतं. हेडफोनमधला माग थांबला आणि त्यांचा आवाज त्याच शब्दावर उतरला. खालचा ट्रॅक आधी बांधण्याचं कारण हेच.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत, नाहीतर त्यातला माग मराठीच्या माइकमध्ये शिरतो आणि मिसळताना दुहेरी ठोका वाजतो. हे तपासायला नट गप्प असतानाचा भाग मोठा करून ऐकायचा.

खोली साधीच होती. चारही बाजूंनी जाड सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या, त्यांनी घुमणं छान शोषलं. चादरी खालचे, जड आवाज मात्र अडवत नाहीत, म्हणून पंखा बंद आणि रस्त्यावर ट्रक गेला की थांबायचं. माइकही समोर उभा केला नाही. मामांच्या सदऱ्यावर होता तसाच कॉलर माइक नटाच्या छातीवर लावला. छातीवरच्या माइकला आवाज वरून, हनुवटीच्या आडून येतो, म्हणून तो जरा बोजड असतो. तोंडासमोरचा चकचकीत आवाज नंतर कितीही घासला तरी तसा होत नाही.

मिसळणं

मूळ रेकॉर्डिंगमध्ये मामांचा आवाज मागापेक्षा सुमारे सहा डेसिबल वर होता. शिकणाऱ्या मुलांसाठी ते कमी आहे, म्हणून आम्ही मराठी साधारण दहा डेसिबल वर ठेवली. त्याहून वर नेलं की आवाज चित्रावर चिकटवल्यासारखा सुटा दिसू लागला. बोलणं सुरू झालं की खालचा आवाज आपोआप दबवायची सोय बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. संगीताला ती ठीक, मागाला अजिबात नको. प्रत्येक वाक्याला माग मागे सरतो आणि वाक्य संपलं की पुढे उसळतो, आणि खरा माग कुणाचं बोलणं ऐकून हळू होत नाही. त्याऐवजी बांधलेल्या ट्रॅकमध्ये 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा तीनेक डेसिबल खाली घेतला. व्यंजनं ओळखू येण्याची बरीचशी माहिती या पट्ट्यात असते. हा उतार पूर्ण शॉटभर सारखा राहतो, म्हणून तो जाणवत नाही. फुग्याचा घुमारा जवळच्या शॉटमध्ये अगदी थोडा आणि लांबच्या शॉटमध्ये जास्त घातला.

तपासणी दोन तऱ्हांनी केली. एकदा चित्र न बघता नुसतं ऐकलं: जोड, भुतं, उसळणारा माग हे कानालाच कळतात, चित्र असलं की डोळा त्यांना सांभाळून घेतो. मग तेलुगू आणि मराठी दोन्ही येणाऱ्यांना चित्रासह दाखवलं. सोलापुरात असे प्रेक्षक भरपूर आहेत आणि ते फार कडक असतात, कारण त्यांना ओठांवरचं तेलुगू वाचता येतं. त्यांनी दाखवलेल्या जागा बहुतेक जवळच्या शॉटमधल्या होत्या. काही ठिकाणी मराठी वाक्य दोन फ्रेम मागे नेऊन भागलं, काही ठिकाणी शब्द बदलावा लागला.

सगळं तेलुगू पुसलेलं नाही. शेजारच्या मागावरचा कामगार एकदा लांबून काहीतरी ओरडतो, ते मूळ भाषेतच आहे. त्यात शिकण्यासारखी माहिती नाही, आणि पूर्व भागातल्या कारखान्यात मागून तेलुगू ऐकू येणं हाच तिथला नैसर्गिक आवाज आहे. आणि एक शॉट असा आहे की तो आम्ही डब केलाच नाही. तुटलेले धागे जोडताना मामा स्वतःशीच मोजतात: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. चेहरा पडदाभर आहे, प्रत्येक आकड्याला ओठ हलतात, आणि “दोन”, “तीन” हे एकेका उच्चाराचे आकडे त्या दोन-दोन उच्चारांच्या तोंडात बसत नाहीत. ओढून लांबवले तर मोजणं राहत नाही, गाणं होतं. तिथे मूळ आवाज ठेवला आणि खाली मराठी आकडे दिले. तेवढ्या भागात हात दिसतच नाहीत, त्यामुळे खाली बघितल्यानं काही निसटत नाही. मूळ आवाजातून डबकडे परत येताना मामांचा खरा गळा आणि नटाचा गळा शेजारी-शेजारी येतात आणि फरक कळतो. तो कमी करण्यासाठी मध्ये चार ठोके नुसता माग ठेवला. पूर्ण झाकला गेलेला नाही.

वर्गाला दिलेल्या फाइलमध्ये मराठी पहिल्या ट्रॅकवर आणि मूळ तेलुगू दुसऱ्यावर आहे. चित्र परत एन्कोड न करता दोन्ही असे जोडले:

```
ffmpeg -i mul.mov -i marathi_mix.wav \
  -map 0:v -map 1:a -map 0:a:0 \
  -c:v copy -c:a aac -b:a 256k \
  -metadata:s:a:0 language=mar \
  -metadata:s:a:1 language=tel mag_marathi.mp4
```

साधे मोबाइल प्लेअर बहुधा पहिलाच ट्रॅक वाजवतात, म्हणून मराठीचा क्रम आधी. बांधलेला मागाचा ट्रॅकही त्यांना वेगळ्या डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये दिला आहे. पूर्व भागातली काही मुलं कन्नड घरांतून येतात. कन्नड डबिंग करायचं झालं तर त्यात माग पुन्हा बांधावा लागणार नाही, फक्त गळा आणि संहिता नवी लागेल.